परिपाठातली चक्कर आणि ईईजीवरचे स्पाइक

ईईजीचा रिपोर्ट हातात पडला की आईवडील वरचं काही वाचत नाहीत, थेट शेवटच्या निष्कर्षावर येतात. तिथे लिहिलेलं असतं की मेंदूच्या डाव्या सेंट्रोटेंपोरल भागात एपिलेप्टिफॉर्म स्पाइक दिसले. त्याच्याखाली आणखी एक ओळ असते: हे निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावेत. पहिल्या ओळीनेच पोटात गोळा आलेला असतो, त्यामुळे दुसरी ओळ कुणी वाचत नाही. पुष्कळदा डॉक्टरही ती पुरेशी मनावर घेत नाहीत. चक्कर येऊन पडलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र सगळा निवाडा त्या दुसऱ्या ओळीवर असतो.

एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. ती अमुक एक मुलगी नव्हे. लहान मुलांच्या मेंदुविकारतज्ज्ञांकडे वरचेवर येणाऱ्या हकिकती एकत्र करून तिला उभी केली आहे. वय नऊ, इयत्ता चौथी. मार्च महिना, सकाळची शाळा. उठायला उशीर झाला म्हणून ती काही न खाता निघाली. मैदानावर परिपाठ लांबला. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, बातम्या झाल्या, पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. ऊन थेट तोंडावर येत होतं. शेजारच्या मैत्रिणीला ती म्हणाली, “मला कसंतरी होतंय, नीट दिसत नाहीये.” तिचा चेहरा पांढराफटक पडला, वरच्या ओठावर घाम आला आणि ती खाली कोसळली.

बाई धावत आल्या. त्यांनी तिला उचलून बसतं केलं आणि पाठीला आधार दिला. मुलीचे डोळे उघडे होते, बुबुळं वर गेलेली. अंग ताठ झालं आणि दोन्ही हातांना चार-पाच झटके आले. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी नाकाला चप्पल लावली. अर्ध्या मिनिटात ती भानावर आली, बाईंना ओळखलं आणि म्हणाली, “बाई, मी पडले का?” थोडी उलटी झाली. नंतर तासभर ती मलूल होती, पण बोलणं व्यवस्थित होतं.

शाळेतून घरी फोन गेला की तुमच्या मुलीला फीट आली. वडिलांनी तेच तालुक्याच्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तेच लिहिलं आणि ईईजी काढायला पाठवलं. ऊन, उपाशी पोट, लांबलेलं भाषण, मैत्रिणीला सांगितलेलं ते वाक्य, पांढरा पडलेला चेहरा, बाईंनी उचलून बसवणं, यातलं काहीच त्या चिठ्ठीवर नव्हतं. तपासणीच्या खोलीत ‘झटके आले’ एवढीच गोष्ट पोचली.

ईईजी म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून तो पहिल्यांदा घेतला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. तत्त्व आजही तेच आहे. टेक्निशियन टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अंतर मोजतो, त्याच्या दहा आणि वीस टक्क्यांवर पेन्सिलने खुणा करतो, तिथली त्वचा जेलने घासतो आणि पेस्ट लावून छोट्या चकत्या चिकटवतो. डोक्यावर एकोणीस, शिवाय दोन्ही कानांना एकेक. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुऊन, तेल न लावता या, असं सांगतात ते याचसाठी. तेलकट त्वचेवर चकती धरत नाही आणि आलेखात नको ती खरखर येते. मुलाला रात्री उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवायला सांगतात, म्हणजे तपासणीच्या वेळी त्याला झोप लागते. तपासणी साधारण वीस ते तीस मिनिटं चालते. त्यात काही वेळ डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात आणि सुमारे तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. लहान मूल असेल तर त्याच्या हातात कागदी भिरभिरं देतात आणि फुंकत राहा म्हणतात.

कवटीवरून मिळणारी ही वीज फार क्षीण असते, व्होल्टच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. हृदयाचा ईसीजी तिच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यामुळे डोळ्यांची उघडझाप, दात चावणं, गिळणं, सैल झालेली चकती, घाम हे सगळं आलेखात उमटतं आणि अननुभवी नजरेला त्यातलं बरंच काही स्पाइकसारखं दिसतं. निरोगी मुलाला झोप लागू लागली की त्याच्या आलेखात उंच, टोकदार लाटांचे झुबके येतात. तेही लहान मुलांचे आलेख फारसे न पाहिलेल्या माणसाला रोगट वाटतात. म्हणून रिपोर्टवर ‘स्पाइक’ असं लिहिलेलं असलं तरी ते खरोखर स्पाइक आहेत का, हा पहिला प्रश्न. मूळ आलेख दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता यावा म्हणून नुसता कागद न घेता सीडी किंवा फाइल मागून घ्यावी. ती मागायला संकोच करण्याचं कारण नाही.

आपल्या मुलीच्या आलेखातले स्पाइक खरे होते असं धरून चालू. खरा स्पाइक म्हणजे मूळ लाटांच्या पार्श्वभूमीतून वेगळं उठून दिसणारं टोक. ते सेकंदाच्या पंधराव्या हिश्शापेक्षाही कमी वेळ टिकतं आणि त्याच्या मागोमाग बहुधा एक संथ, रुंद लाट येते. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या काही चौरस सेंटिमीटर भागातल्या असंख्य पेशी एकाच क्षणी पेटल्या तरच ते कवटीवरून दिसतं. सेंट्रोटेंपोरल स्पाइक कानाच्या थोडं वर आणि पुढे दिसतात. चेहरा, जीभ आणि हात हलवणारा मेंदूचा भाग तिथेच असतो. मूल झोपलं की त्यांची संख्या खूप वाढते. जागेपणी एखाद-दुसरा दिसत होता, तिथे झोपेत पडद्यावरच्या दहा सेकंदांच्या पानात सात-आठ दिसायला लागतात. बघणाऱ्या आईला वाटतं, आपल्या मुलीच्या डोक्यात केवढी उलथापालथ चालली आहे. मुलगी मात्र शांत झोपलेली असते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हे स्पाइक काही मुलांच्या मेंदूचा जन्मजात स्वभाव असतो. ते चार-पाच वर्षांच्या वयापासून दिसू लागतात आणि वयात येताना मावळतात. ज्या मुलाला याच प्रकारची फीट येते, त्याच्या धडधाकट भावंडांच्या आलेखातही ते सापडतात. इटलीत १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते तेरा वर्षांच्या, कधीही फीट न आलेल्या साडेतीन हजारांहून अधिक शाळकरी मुलांचे ईईजी काढले होते. त्यांतल्या सुमारे साडेतीन टक्के मुलांमध्ये एपिलेप्टिफॉर्म लाटा सापडल्या. इतर अभ्यासांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास येतं. या मुलांपैकी फार थोड्यांना पुढे कधी फीट येते. मतदार यादीत नाव आहे म्हणून त्या दिवशी त्या माणसाने मत दिलंच असं म्हणता येत नाही, तसंच हे आहे. आलेखात स्पाइक आहे यावरून फीट येऊ शकेल असा मेंदू एवढंच फार तर म्हणता येतं. अमुक दिवशी फीट आलीच, हे त्यावरून ठरत नाही.

आता एक हिशेब करू. एक हजार मुलांची शाळा धरा. मोठं होईपर्यंत निदान एकदा तरी चक्कर येऊन शुद्ध हरपणारी मुलं शंभरात पंधराच्या आसपास असतात, म्हणजे या शाळेत दीडशे. त्या सगळ्यांना सकाळच्या त्या मुलीसारखं ईईजीला पाठवलं, तर दोन ते साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने तीन ते पाच जणांच्या आलेखात स्पाइक निघतील. त्यांच्या चकरेशी या स्पाइकचा काही संबंध नसेल. आता त्याच शाळेत खरा अपस्मार असलेली मुलं किती? हजारात पाच ते दहा. त्यांचा पहिला ईईजी काढला तर साधारण निम्म्यांच्याच आलेखात स्पाइक दिसतील, बाकीच्यांचा रिपोर्ट नॉर्मल येईल. म्हणजे खरा आजार असलेली, स्पाइक दिसलेली मुलंही तीन ते पाचच निघाली. नुसते आलेख समोर ठेवून यांतली फीटवाली मुलं कोणती आणि चकरेवाली कोणती, हे जगातला कोणताही तज्ज्ञ सांगू शकणार नाही. उरलेली, आजार असूनही नॉर्मल आलेखाची मुलं तर त्याच्या नजरेतून निसटलेलीच.

म्हणूनच ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेने २०१२ च्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की साध्या चकरेची शक्यता दिसत असेल तर ईईजी काढू नये, कारण खोटा दोष सापडण्याचा धोका असतो. आपल्याकडे बरोबर याच्या उलट चालतं. ‘काढून तर घेऊ, काही नसेल तर शंका फिटेल’ असा विचार होतो. पण या तपासणीने शंका फिटत नाही. नॉर्मल आली तर फीट नव्हती हे सिद्ध होत नाही आणि स्पाइक निघाले तर फीट होती हेही सिद्ध होत नाही. घटना उलगडण्याआधी काढलेला ईईजी गोंधळ वाढवण्याचंच काम जास्त करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग त्या झटक्यांचं काय? बाईंनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं. याचं उत्तर बर्लिनमधल्या एका प्रयोगात सापडतं. तिथल्या मेंदुतज्ज्ञांनी १९९४ साली तो प्रसिद्ध केला. निरोगी तरुण स्वयंसेवकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुद्दाम चक्कर आणली आणि प्रत्येकाचं व्हिडिओ चित्रण केलं. बेचाळीस जणांची शुद्ध पूर्ण हरपली. त्यांतल्या नव्वद टक्के लोकांच्या अंगाला झटके आले. बहुतेकांचे डोळे उघडे होते आणि बुबुळं वर गेली होती. शुद्ध हरपल्याचा काळ सरासरी बारा सेकंद होता. यांतल्या कुणालाही अपस्मार नव्हता. मेंदूला रक्त कमी पडलं की हे होतं. वरचा, विचार करणारा थर आधी बंद पडतो आणि त्याचा खालच्या भागावरचा लगाम सुटतो. त्यातून ते ताठ होणं आणि ते झटके येतात. चक्कर चालू असताना नेमका ईईजी लावलेला असेल तर आलेख आधी संथ होतो, रक्तपुरवठा फारच घटला तर जवळजवळ सपाट होतो आणि माणूस आडवा झाल्यावर पुन्हा संथ लाटांतून पूर्ववत होतो. त्यात स्पाइक कुठेच नसतात.

आडवं होणं इथे फार महत्त्वाचं. उन्हात एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साठतं. मग शरीराची एक उलटी प्रतिक्रिया सुरू होते, नाडी मंदावते, रक्तदाब कोसळतो. पडणं हा शरीराचा स्वतःचा इलाज आहे, कारण आडव्या माणसाच्या डोक्यापर्यंत रक्त सहज पोचतं. बाईंनी मायेने तिला उचलून बसवलं आणि तो इलाजच थांबला. झटके त्यानंतर आले, हा तपशील त्या अख्ख्या हकिकतीतला सगळ्यात बोलका आहे. कवटीवरच्या एकोणीस चकत्यांपेक्षा तो जास्त सांगून जातो.

अनुभवी तज्ज्ञ अशा वेळी रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि त्या दोन मिनिटांची हकिकत पुन्हा पहिल्यापासून विचारतो. पडण्याआधी ती काय करत होती? उभी, बसलेली, झोपलेली की पळत? आधी काही जाणवलं का, म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी, कानात आवाज, मळमळ? चेहरा पांढरा पडला की निळसर झाला? झटके पडण्याबरोबर सुरू झाले की काही सेकंदांनी? किती वेळ चालले? जीभ चावली असेल तर टोकाला की कडेला? भानावर आल्यावर माणसं लगेच ओळखली की बराच वेळ भ्रमिष्टासारखी बघत होती? फीट आल्यावर झटके बहुधा मिनिटभर किंवा त्याहून जास्त चालतात, जीभ कडेला चावली जाते आणि त्यानंतर मूल पुष्कळ वेळ गुंगीत, गोंधळलेलं असतं. चकरेत झटके थोडे आणि अनियमित असतात आणि भान पटकन येतं. कपड्यात लघवी होणं मात्र दोन्हींत घडू शकतं, त्यावरून काही ठरवता येत नाही. यातलं कुठलंच एक लक्षण पुरेसं नसतं. सगळी मिळून चित्र बनतं आणि आपल्या मुलीच्या बाबतीत ते चित्र अगदी स्वच्छ आहे.

शिवाय सेंट्रोटेंपोरल स्पाइकशी जोडलेली फीट कशी असते, तेही माहीत असायला हवं. ती बहुधा झोपेत, झोप लागल्यावर किंवा पहाटे येते. तोंडाची एक बाजू वाकडी होऊन उडते, लाळ गळते, घशातून घुरघुर येते. मूल पुष्कळदा जागं असतं, आईकडे बघत असतं, पण त्याला बोलता येत नाही. उन्हात परिपाठाला उभं असताना पांढरं पडून कोसळणं या वर्णनात कुठेच बसत नाही. स्पाइक ज्या प्रकारचे आहेत, त्या प्रकारची फीटच आलेली नाही, तर ते स्पाइक त्या सकाळचे साक्षीदार होऊ शकत नाहीत.

जी तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, ती डोक्याची नव्हती, छातीची होती. ईसीजी पाच-दहा मिनिटांत होतो, स्वस्त असतो, तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळतो आणि शुद्ध हरपलेल्या प्रत्येक मुलाचा तो काढायलाच हवा. कारण चकरेच्या आणि फीटेच्या आडून येणारा एक जीवघेणा आजार असतो, लाँग क्यूटी. यात हृदयाचा स्नायू प्रत्येक ठोक्यानंतर विजेच्या दृष्टीने पूर्वपदावर यायला नको इतका वेळ घेतो. मग पळताना, पोहताना, एकदम दचकल्यावर किंवा घंटेच्या कर्कश आवाजाने हृदयाची लय बिघडते, मेंदूला रक्त मिळत नाही, मूल कोसळतं आणि त्याला झटके येतात. बघणाऱ्याला ही फीटच वाटते. अशी मुलं वर्षानुवर्षं फीटेच्या गोळ्या घेत राहिल्याच्या हकिकती वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा आल्या आहेत. अशा मुलाच्या ईईजीत योगायोगाने स्पाइक निघाले तर हृदयाकडे कुणी वळतच नाही. स्पाइकचा सगळ्यात मोठा धोका हाच. तो खोटा आजार चिकटवतो आणि खरा आजार झाकून टाकतो.

हे मोजतात कसं, ते समजण्यासारखं आहे. ईसीजीत क्यू या खुणेपासून टी लाट संपेपर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी. नाडी जलद असली की तो आपोआप कमी होतो, म्हणून त्याला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागतात. एखाद्या मुलाच्या दोन ठोक्यांत ०.६४ सेकंद अंतर असेल, तर त्याचं वर्गमूळ ०.८. क्यूटी ३४० मिलिसेकंद असेल तर भागाकार ४२५ येतो, तो ठीक आहे. क्यूटी ४४० असेल तर भागाकार ५५० येतो आणि त्या मुलाला त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायला हवं. ४६० च्या पुढे संशय घ्यायला सुरुवात होते. यंत्र हा आकडा स्वतः छापतं, पण ते चुकू शकतं, म्हणून डॉक्टरांनी तो हाताने मोजून पाहिलेला बरा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, पट्टीचा पोहणारा बुडून गेला का, हेही विचारावं लागतं. आणि एक मर्यादा ईसीजीलाही आहे. हृदयाच्या लयीचा एक आजार असा आहे की पळताना मूल कोसळतं, पण झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल येतो. म्हणून पळता पळता किंवा पोहताना शुद्ध हरपली असेल तर साधा ईसीजी नॉर्मल आला तरी तेवढ्यावर न थांबता ट्रेडमिलवर तपासणी करावी लागते.

मग ईईजी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. मूल चालता-बोलता मध्येच थांबतं, पाच-दहा सेकंद शून्यात बघतं, पडत नाही आणि पुन्हा जिथे थांबलं होतं तिथून सुरू करतं, अशा मुलाला भिरभिरं फुंकायला लावलं की आलेखात सेकंदाला तीन या गतीने स्पाइक आणि लाटांची रांग उमटते आणि त्याच क्षणी मूल फुंकायचं थांबतं. हा संबंध बोस्टनच्या संशोधकांनी १९३५ मध्ये दाखवला. तिथे ईईजीइतका पक्का पुरावा दुसरा नाही, कारण लक्षण आणि आलेख एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात. फीट आल्याचं हकिकतीवरून नक्की झालं असेल तर ती कोणत्या प्रकारची आहे, कोणतं औषध लागू पडेल, पुढे जाऊन ती आपोआप थांबणारी आहे का, हे ठरवायलाही ईईजी हवाच.

चकरेसारखी दिसणारी एक फीटही असते. ती बहुधा तीन ते सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना येते. मूल झोपेतून उठतं, मळमळतंय म्हणतं, उलट्या करतं, पांढरं पडतं, डोळे एका बाजूला वळतात आणि कधी कधी ते चिंधीसारखं लुळं पडतं. हे मिनिटा-दोन मिनिटांत संपत नाही, दहा-वीस मिनिटं, क्वचित त्याहूनही जास्त वेळ चालतं. अशा मुलाच्या आलेखात, बहुधा डोक्याच्या मागच्या भागात, स्पाइक निघाले तर ते फार मोलाचे ठरतात. दोन्हीकडे मूल पांढरं पडलं आणि शुद्ध हरपली, दोन्हीकडे स्पाइक दिसले, पण एकीकडे ते निरर्थक आणि दुसरीकडे निर्णायक. फरक हकिकतीत होता. एक मूल उन्हात उभं होतं, दुसरं अंथरुणात होतं. एकाचं अर्ध्या मिनिटात संपलं, दुसऱ्याचं वीस मिनिटं चाललं.

आपल्या मुलीला पहिल्या डॉक्टरांनी व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, तीन वर्षं घ्यायच्या म्हणून. या गोळ्यांनी वजन वाढू शकतं, केस गळू शकतात, क्वचित यकृताला इजा होते. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली आणि त्या वेळी त्या चालू असल्या तर गर्भाला व्यंग येण्याचा धोका असतो. गरज असेल तिथे हे उत्तम औषध आहे, पण इथे गरजच नव्हती. शिवाय शाळेने तिला सहलीला न्यायचं नाकारलं, पोहणं बंद झालं, आजी तिला एकटीला अंघोळीला सोडेना. एका आलेखातून एवढं सगळं तिच्या वाट्याला आलं.

दुसऱ्या तज्ज्ञांनी मैत्रिणीला फोन लावायला सांगितला, बाईंना लावायला सांगितला, ईसीजी काढला, आडवं आणि उभं करून रक्तदाब आणि नाडी पाहिली, हिमोग्लोबिन तपासलं. ईसीजी नॉर्मल होता, क्यूटीसुद्धा. त्यांनी निदान लिहिलं, साधी चक्कर. ईईजीबद्दल एकच वाक्य लिहिलं की हे स्पाइक या घटनेशी संबंधित नाहीत आणि केवळ त्यांच्यासाठी उपचाराची गरज नाही. गोळ्या हळूहळू कमी करत थांबवल्या. इथे सावध करायला हवं. फीटेच्या गोळ्या आपल्या मनाने एकदम कधीही बंद करू नयेत, निदान चुकीचं होतं असं वाटत असलं तरी. कारण एकदम बंद केल्याने खरोखरची फीट येऊ शकते. पुन्हा ईईजी काढायची गरज त्यांना वाटली नाही. स्पाइक गेले की नाही हे पाहण्यासाठी दर सहा महिन्यांनी आलेख काढत राहणं हा पैशाचा आणि मनःशांतीचा अपव्यय आहे, कारण उपचार आलेखावर करायचा नसतो, मुलावर करायचा असतो. मुलीला सल्ला दिला की सकाळी खाऊन निघ, पाणी भरपूर पी, आणि अंधारी आली तर लाज न बाळगता खाली बस किंवा आडवी हो.

शाळांना आणि घरच्यांना एक विनंती. मूल चक्कर येऊन पडलं तर त्याला उचलून बसवू नका. आहे तिथेच आडवं राहू द्या, पाय थोडे वर करा, तोंडात पाणी, चमचा, बोट काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका. श्वास नीट चालू आहे का ते पाहा. नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले तरीही वाट पाहू नका. एकाने घड्याळाकडे बघावं, दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावं. डॉक्टरांकडे जाण्याआधी, जिने सगळ्यात जवळून पाहिलं त्या मैत्रिणीचं बोलणं कागदावर तिच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि तो कागद ईईजीच्या रिपोर्टच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या.